मॅन्युअल मोड कार्यशाळा: किट लेन्स आणू की ५० एमएम?

नमस्कार मंडळी,

रविवारी संध्याकाळी फुटाळ्यावर नवशिक्यांसाठी मॅन्युअल मोडची कार्यशाळा आहे. लेन्स कोणती आणायची?

१८-५५ च्या किट लेन्सला १८ वर एफ ३.५ मिळतो, ५५ वर मात्र ५.६ च. त्यामुळे ३.५ लावून झूम केलं की फोटो काळवंडतो आणि नवख्याला कारण कळत नाही. ५० एमएम एफ १.८ मध्ये हा घोळच नाही. शिवाय दिवेलागणीला, शटर तोच ठेवून, किटला ५.६ वर आयएसओ ४००० लागेल तिथे हिचं १.८ वर ४०० मध्ये भागतं.

अख्खा तलाव फ्रेममध्ये हवा तर किटच बरी. शिकायला मी ५० च सांगेन. किटच असेल तर सुरुवातीलाच ५.६ लावा, मग झूम केलं तरी तो बदलत नाही.

चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड आणाच.

आपला,
क्लब समन्वयक