झोटेरोत जुने नकाशे, फोटो आणि चाळकऱ्यांच्या मुलाखती : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गिरगावातल्या एका चाळीवर मजले कसे चढत गेले, यावर शोधनिबंध लिहायला घेतला तेव्हापासून झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर रोज उघडं असतं. पुस्तकं आणि नियतकालिकांतले लेख यांच्यासाठी ते उत्तम आहे, त्याबद्दल वेगळं लिहायची गरज नाही. माझी साधनं मात्र बहुतेक वेगळी होती : लॉटन सर्व्हेचे नकाशे, एका बिऱ्हाडाच्या अल्बममधले फोटो आणि चाळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती. तळटिपांची शैली शिकागो.

आधी निष्कर्षच सांगतो. स्वल्पविराम, तिरपी अक्षरं, दुसऱ्यांदा येणारी छोटी टीप हे सगळं झोटेरो चोख सांभाळतं. पण लेखकाच्या जागी कोणाचं नाव जाणार आणि तारखेच्या जागी कुठली तारीख, हे ते ठरवत नाही. नकाशाला, फोटोला आणि मुलाखतीला प्रत्येकी तीन-तीन तारखा असतात. त्यातली कुठली धरायची, हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्यावरच माझ्या टिपा एकसारख्या दिसायला लागल्या.

नकाशांपासून सुरुवात करू. कर्नल लॉटनचं मुंबईचं सर्वेक्षण १८६५ ते १८७२ या काळातलं. शहरातल्या जुन्या मिळकतींच्या कागदांत आजही सी.एस. म्हणजे भूमापन नंबरच्या शेजारी ‘लॉटन सर्व्हे नंबर’ लिहिलेला सापडतो, त्यामुळे इमारतींच्या इतिहासाला हा नकाशा टाळता येत नाही. प्रश्न असा की तो सुट्या शीट्समध्ये आहे. झोटेरोत प्रत्येक शीटची वेगळी नोंद केली, तर ग्रंथसूचीत तेच नाव ओळीनं उतरत जातं आणि सूची वाचवत नाही. शिकागोची पद्धत इथं कामाला येते : तळटिपेत नेमकी वस्तू आधी आणि संग्रह मागून, सूचीत मात्र संग्रहाचीच नोंद. म्हणून सबंध सर्वेक्षणाची ‘Map’ या प्रकाराखाली एकच नोंद केली आणि शीटचा क्रमांक दर वेळी उद्धरणाच्या खिडकीतल्या ‘Suffix’मध्ये टाकला. पानाच्या क्रमांकासाठी जी यादी उघडते तिच्यात शीट हा पर्यायच नाही, तेव्हा तिथं शोधत बसू नका.

तारखेच्या रकान्यात मी मोजणीचा काळ धरतो, छपाईचा नाही. भिंत जागेवर कधी होती हे मोजणीवरून ठरतं, आणि वास्तूच्या इतिहासात आपल्याला तेच हवं असतं. शीटवर नंतर दुरुस्ती झाल्याची नोंद असेल, तर तीही ‘Suffix’मध्ये. यासाठी अभिलेखागारात बसल्या बसल्याच शीटचे चारही कोपरे आणि समास फोटोत यायला हवेत. आपण नेमका आपल्या चाळीचा चौकोन टिपतो, आणि क्रमांक, प्रमाण, दुरुस्तीची तारीख सगळं चौकटीबाहेर राहतं. प्रमाण शीटवर जसं छापलंय तसंच उतरवावं. ‘४० फुटांस १ इंच’ असेल तर हिशेबानं ते १:४८० होतं, पण रूपांतर लेखात करावं, नोंदीत नाही.

फोटोंसाठी झोटेरोत वेगळा प्रकार नाही. सगळे फोटो ‘Artwork’ खाली जातात आणि छायाचित्रकार ‘Artist’ होऊन बसतो. ते चालवून घेता येतं. छायाचित्रकार माहीत नसेल तर ‘अज्ञात’ लिहू नये, नाहीतर सूचीत सगळे अनामिक फोटो ‘अ’खाली गोळा होतात. त्यापेक्षा वर्णनानंच टीप सुरू करावी. खरी कटकट तारखेची आहे. छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न १८७०च्या सुमारास भारत सोडून गेला, पण त्याच्या काचेच्या निगेटिव्हवरून बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओनं प्रती काढून विकणं पुढंही चालूच ठेवलं. अशा फोटोत प्रतीच्या तारखेपेक्षा निगेटिव्हचा क्रमांक मोलाचा, म्हणून तो शीर्षकालाच जोडून टाकतो.

लिंकवर भिस्त ठेवू नये, हा आणखी एक धडा. ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाइन सूची आणि डिजिटल संग्रह दीर्घकाळ बंद होते. ज्यांनी फोटोला नुसता पत्ता दिला होता, त्यांच्या टिपा निकामी झाल्या. ज्यांनी ‘Loc. in Archive’मध्ये संग्रहाचा क्रमांक लिहिला होता, त्यांचं काही अडलं नाही.

आता तिन्ही साधनं एकत्र आली की काय होतं ते बघा. माझ्या चाळीचा तिसरा मजला नंतर चढवला का, हा प्रश्न होता. लॉटनच्या शीटवर जोत्याचा आकार दिसतो, मजले कळत नाहीत. अल्बममधल्या फोटोत तीन मजले स्पष्ट, आणि मागं ‘१९३८’ लिहिलेलं. तळमजल्यावरच्या आजी मात्र ठाम : गोदीत स्फोट झाला तेव्हा वरचा मजला नव्हता, धूर आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या गच्चीवरून पाहिला. तो स्फोट १४ एप्रिल १९४४चा, म्हणजे फोटो आणि आजी यांच्यातलं एक कुणीतरी चुकतंय. फोटोची मागची बाजू भिंगाखाली धरली तर ‘१९३८’ हे बॉलपेननं लिहिलेलं. बॉलपेन बाजारात आलं १९४०च्या दशकात, म्हणजे ती तारीख कुणीतरी मागाहून आठवून घातलेली. म्हणून तारखेचा रकाना मी रिकामा ठेवला आणि मागचा मजकूर वेगळं साधन म्हणून नोंदवला. टिपा अशा झाल्या (चाळ ओळखू येऊ नये म्हणून क्रमांक गाळलेत) :

चाळीचा दर्शनी भाग, छायाचित्र, दिनांक नाही, मागे बॉलपेनने नंतर लिहिलेले ‘१९३८’, खासगी अल्बम, गिरगाव, प्रत लेखकाकडे.

रहिवासी क, लेखकाने घेतलेली मुलाखत, गिरगाव, २०२४, ध्वनिमुद्रण, १२:४० पासून; प्रत्यक्ष पाहिलेले.

शेवटचे दोन शब्द मी मुद्दाम घालतो. त्याच आजी ‘प्लेगच्या आधी इथं वाडी होती’ असंही सांगतात, पण प्लेग १८९६चा, त्यामुळे तिथं ‘ऐकीव, सासऱ्यांकडून’ असं येतं. एकाच ध्वनिमुद्रणात दोन वेगवेगळ्या वजनाचे पुरावे असतात आणि वाचकाला ते टिपेतूनच कळायला हवं. लेखात मी एवढंच म्हणू शकलो की तिसरा मजला एप्रिल १९४४ नंतरचा असावा.

‘Interview’ प्रकारात मुलाखत देणाऱ्याचं नाव ‘Interview With’मध्ये आणि आपलं ‘Interviewer’मध्ये जातं, हे ठीक. ठिकाणासाठी रकानाच नाही, म्हणून गाव शीर्षकात कोंबावं लागतं. मराठी लेखातही ‘interview by’ असं इंग्रजी येतं, ते शेवटी हातानं बदललं. मुलाखती ग्रंथसूचीत न देता टिपांतच ठेवण्याची शिकागोची रीतही चाळकऱ्यांच्या खासगीपणाला सोयीची पडली.

किमतीचं म्हणाल तर प्रोग्राम फुकट, सिंकिंगची जागा ३०० एमबी. शीट्सच्या मोठ्या टिफ फायलींत ती चटकन भरते. नकाशे बाहेरच्या डिस्कवर ठेवून झोटेरोत नुसते जोडावेत, आणि ध्वनिमुद्रणं तर सिंक करूच नयेत : आजींनी परवानगी लेखासाठी दिली होती, दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरसाठी नव्हे.