ओढून चढवायची नीकॅप की समोरून बांधायचा सपोर्ट?

आत्याच्या गुडघ्यासाठी मी दोन्ही घेतले. आधी ओढून चढवायची विणलेली नीकॅप आणि तीन आठवड्यांनी समोरून गुंडाळून पट्ट्यांनी बांधायचा सपोर्ट. आत्याचं वय चौऱ्याहत्तर आहे. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजवा जास्त दुखतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की चालताना आधार वाटेल असं काहीतरी लावा, पण त्याने झीज थांबेल असं समजू नका. हे मनात धरूनच पुढचं वाचा. साध्या सपोर्टमुळे सांध्यावरचं वजन कमी होत नाही. ऊब मिळते, गुडघा नेमका कुठे आहे याची जाणीव वाढते आणि त्यामुळे पाऊल टाकताना धीर येतो.

दिसायला आणि वापरायला नीकॅप सुटसुटीत. कपड्याखाली कळतही नाही, दाब सगळीकडून सारखा येतो आणि पट्ट्या किती आवळायच्या हा प्रश्नच नसतो. चालणं बऱ्यापैकी असेल, हाताची पकड चांगली असेल आणि मांडी फार जाड नसेल, तर मी आजही आधी नीकॅपच सुचवीन. माझे मामा ती दोन वर्षं वापरताहेत आणि त्यांची काही तक्रार नाही.

आत्याच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी अडलं. नीकॅप चढवायची तर पुढे वाकून ती टाचेवरून ओढावी लागते आणि तिच्या अंगठ्याच्या बुडाशी संधिवात आहे. दोन्ही अंगठे आत घालून ओढताना तिचा चेहरा बघवत नव्हता. काढताना तर आणखी वाईट. "अरे, घालून देशील तू, पण दुपारी तू नसताना काढून कोण देणार?" असं तिने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी ती नीकॅप दिवसभर पायात ठेवू लागली, दुपारी आडवी झाली तरी.

त्यातून खरा त्रास सुरू झाला. खुर्चीत बसली की नीकॅपची वरची कड घरंगळून खाली यायची आणि कापडाच्या दोन-तीन घड्या एकमेकांवर बसायच्या. म्हणजे जो दाब वीतभर रुंदीत पसरायला हवा, तो बोटभर रुंदीच्या वळीत यायचा, तोही मांडीच्या मऊ भागावर. एका संध्याकाळी मी ती काढली तेव्हा मांडीभोवती लाल खोल वळ होता. तास उलटला तरी तो गेला नव्हता आणि पोटरी सुजल्यासारखी वाटत होती. काढल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत वळ पुसला गेला नाही, पावलाला मुंग्या आल्या किंवा बोटं गार पडली, तर तो सपोर्ट त्या पायाला घट्ट आहे असं मी समजतो.

मोठा साइझ आणला असता तर? तेही करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बसलो. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर घेर ३९ सेंटिमीटर, तिथून १५ सेंटिमीटर वर मांडीचा ४७ आणि तितकंच खाली पोटरीचा ३४. वर रुंद, खाली निमुळता असा पाय आणि त्यावर जवळजवळ सरळ नळी. मांडीच्या मापाची घेतली तर पोटरीवर ढिली पडून सगळीच खाली उतरते, पोटरीच्या मापाची घेतली तर वरची कड रुतते. मोठी नीकॅप चार पावलांतच घसरली. वाढत्या वयात मांडीचे स्नायू सैल पडले की हे हमखास होतं, आणि साइझच्या तक्त्यात ते दिसत नाही, कारण बरेचसे तक्ते एकाच जागेचं माप मागतात. ती जागाही प्रत्येक कंपनीची वेगळी. कुणी वाटीवर मोजायला सांगतं, कुणी तिच्या वर काही अंतरावर. म्हणून एका कंपनीचा 'लार्ज' दुसऱ्या कंपनीतही 'लार्ज' असेल असं धरून चालू नका. माप संध्याकाळी घ्या. आत्याचा गुडघा सकाळपेक्षा संध्याकाळी दीड सेंटिमीटर जास्त भरला.

समोरून बांधायच्या सपोर्टमध्ये वरची आणि खालची पट्टी वेगवेगळी आवळता येते, त्यामुळे निमुळत्या पायाचा प्रश्नच मिटतो. वाटीच्या जागी भोक असतं, ते आधी नीट बसवायचं, मग गुडघा किंचित वाकवून खालची पट्टी लावायची आणि शेवटी वरची. पट्टीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आत्या हे खुर्चीत बसून एकटी करते, आणि काढायला तर एकच हात पुरतो.

याचेही दोष आहेत. तो जाड दिसतो, वेल्क्रो कपड्यांना अडकतो आणि रोजचा ताण सारखा राहत नाही. एक दिवस ढिला, एक दिवस करकचून. त्यावर मी पट्टी जिथे येऊन थांबायला हवी तिथे पेनाने रेघ मारून ठेवली. धुताना वेल्क्रो आधी बंद करायचा, नाहीतर त्यात धागे भरून पकड जाते. पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा.

कापडाचं म्हणाल तर निओप्रीन ऊब छान देतं, पण घाम आतच कोंडतो आणि काहींच्या त्वचेला त्यातल्या रसायनांनी खाज सुटते. आत्याला दोन दिवसांत पुरळ आली. आता आतून सुती अस्तर आणि बारीक छिद्रं असलेला घेतला आहे. तो ऊब थोडी कमी देतो, पण ती तो तीन-चार तास विनातक्रार ठेवते.

कंपन्यांविषयी लोक फार विचारतात. डॉक्टरांच्या तोंडी टायनॉर, विस्को ही नावं बऱ्याचदा येतात. जर्मनीच्या बाउरफाइंडची विणलेली नीकॅप वाटीभोवती मऊ गादी घालून आकार दिलेली असते, ती सरळ नळीपेक्षा वेगळी. पण डॉक्टरांना नावापेक्षा प्रकार विचारा. नुसता आधार हवा, बाजूला बिजागरीच्या पट्ट्या हव्यात, की पाय आत वाकत चालला आहे म्हणून सांध्याच्या एका बाजूचा भार हलवणारा मोठा ब्रेस? तो तिसरा प्रकार स्वतःहून घ्यायचा नसतो. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झाली असेल, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल किंवा पूर्वी पायात रक्ताची गाठ झाली असेल, तर साधी नीकॅपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा माणसाला रुतलेलं कळतच नाही.

आत्यासाठी कंबरेचा पट्टा घेतानाही हाच हिशेब लावला. मागे पाठीच्या वळणाप्रमाणे वाकवलेल्या पट्ट्या, आणि पुढचा भाग एवढाच उंच की बसल्यावर वरची कड बरगडीत आणि खालची जांघेत घुसू नये. दुकानात तो उभं राहून बांधतात, पण मी आत्याला दहा मिनिटं बसवून पाहिलं, आणि पहिला पट्टा तिथेच बाद झाला. हर्निया किंवा आम्लपित्ताचा त्रास असेल तर आधी विचारून घ्यावं, कारण पोटावर दाब येतोच.

माझ्यापुरतं सांगायचं तर चढवण्या-काढण्याला दुसऱ्याचा हात लागत असेल, तर समोरून बांधायचाच घ्यावा. पेनाची रेघ दोन धुण्यांत पुसट झाली होती. परवा बघितलं तर आत्याने तिथे लाल दोऱ्याचे दोन टाके घातले होते.