प्रेडनिसोलोन : सात महिने घेतल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगते, ही स्टेरॉइडची गोळी काम करते. संधिवातामुळे सकाळी पातेल्यावरचं झाकणही उचलवत नव्हतं. दहा मिलीग्रॅम सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी मी कणीक मळली. डॉक्टरांनी ती सहाच आठवडे दिली होती, मेथोट्रेक्सेट या संधिवातावरच्या सावकाश लागू होणाऱ्या औषधाचा गुण येईपर्यंतची सोय म्हणून. मळमळतं म्हणून मी मेथोट्रेक्सेट सोडली आणि ही मात्र जुन्या चिठ्ठीवर सात महिने घेतली. पट्टी स्वस्त, तपासणीची फी आठशे. औषधवाल्याने चिठ्ठीवरची तारीख एकदाही पाहिली नाही, याचा मला अजून राग येतो.

चौथ्या महिन्यात चेहरा गोल झाला. गाल इतके भरले की आरशात समोरून कान दिसेनात. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. मी रात्रीचा भात बंद केला, काही फरक नाही. खरा प्रकार कळला तो ब्लाउजवरून. हूक लागेनात म्हणून उसवायला दिला, तर शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताई, पोटापाशी दोन इंच कमी पडतंय, पण बाह्या सैल झाल्यात."

खाऊन वजन वाढलं की दंड-मांड्याही भरतात. स्टेरॉइडने चरबी चेहऱ्यावर, मानेमागे आणि पोटावर चढते, हातापायांचे स्नायू मात्र झडतात. जमिनीवरून उठताना मला टेकू लागायचा, तो मी संधिवाताच्या नावावर खपवत होते. पोटावर जांभळ्या रुंद रेघाही आल्या होत्या. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात.

हे समजल्यावर चिडून गोळी त्याच दिवशी बंद केली. तिसऱ्या दिवशी उलट्या, उभं राहिलं की अंधारी, रक्तदाब ८४/५०. रुग्णालयात सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचंच इंजेक्शन मिळाल्यावर काही तासांत माणसात आले. म्हणजे ज्या जातीच्या औषधावर मी खार खाऊन होते, त्यानेच वाचवलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं : शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवतं, ते साधारण पाच मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. त्याहून जास्त बाहेरून कित्येक महिने मिळालं की ते बनवणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी काम थांबवतात. गोळी एकदम काढली, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत.

मग परत दहावर, तिथून साडेसात, मग पाच. त्याखाली महिन्याला एकेकच मिलीग्रॅम, कारण ग्रंथींची खरी परीक्षा तिथेच असते. मेथोट्रेक्सेट परत सुरू आहे, आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड. मळमळ बरीच कमी आहे. सध्या तीनवर आहे. पुढच्या महिन्यात सकाळी आठला, त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, कॉर्टिसोलची तपासणी आहे. ताप आला तर डोस वाढवायचा, हे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलंय आणि ती चिठ्ठी पर्समध्ये असते.

गाल उतरलेत, कान दिसतात. पोटावरच्या रेघा फिकट झाल्यात, गेल्या नाहीत. ब्लाउज अजून उसवलेलाच वापरते.