फोटोतली लांब सोंड कोणती: विंचूकाटा, संजीवनी की बुधला?

गडाच्या माथ्यावरून काढलेला फोटो, त्यात समोर लांबवर गेलेली अरुंद सोंड आणि तिच्या कडेने तट. असा फोटो पाहिला की तीन नावं पुढे येतात: लोहगडाचा विंचूकाटा, राजगडाची संजीवनी माची आणि तोरण्याची बुधला माची. कातळाच्या रंगावरून मात्र काहीच ठरवू नका. तिन्ही गड बेसाल्टचे आहेत, आडव्या थरांचे काळे कडे सगळीकडे सारखेच दिसतात, आणि पावसाळ्यात गवत तेही झाकून टाकतं.

आधी तट पाहा. संजीवनीचा तट बऱ्याच लांबीभर दुहेरी आहे. दोन भिंतींमध्ये चिंचोळी मोकळी जागा आहे आणि तिरप्या उन्हात ती दोन फिकट रेघांमधल्या गडद पट्ट्यासारखी उठून दिसते. शिवाय माची टप्प्याटप्प्याने खाली उतरते आणि प्रत्येक टप्प्याला बुरूज आहेत. विंचूकाट्यावर आधी नजरेत भरतो तो उघडा, सपाट कातळी दांडा. ठळक बांधकाम आहे ते टोकाला. तिथला तटही दुहेरी आहे, त्यामुळे फक्त टोकाचा जवळून काढलेला फोटो हमखास फसवतो. बुधल्याची खूण सगळ्यांत सोपी: सोंडेवरच उलट्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा सुळका उभा असतो.

मग दरी आणि क्षितिज. लोहगडावरून विंचूकाट्याकडे तोंड केलं की पवनेचं पाणी डाव्या हाताला येतं. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून संजीवनीकडे पाहताना उजव्या अंगाला तोरण्याचा रुंद डोंगर उभा असतो.

समजा फोटोत सोंड वळत खाली गेली आहे, तटात गडद पट्टा दिसतो आणि उजवीकडे धुरकट मोठा डोंगर आहे. तट आणि डोंगर दोन्ही संजीवनीकडे बोट दाखवतात. तोच डोंगर डावीकडे असेल, पण तट ठळक दुहेरी असेल, तर फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा झालाय का ते पाहा. फलकावरची अक्षरं किंवा कपड्यांवरचा मजकूर उलटा दिसला की खात्री पटते. डोंगराच्या आकारमानावर विसंबू नका: झूमने तोरणा अगदी शेजारी येऊन बसतो, वाइड लेन्सने तोच टेकडीएवढा होतो. त्यामुळे डोंगर किती मोठा यापेक्षा तो कोणत्या बाजूला आहे याला जास्त वजन द्या.

फोटो माचीवरून मागे वळून काढला असेल तर वेगळी खूण धरा. संजीवनीवरून मागे बालेकिल्ल्याचा ताशीव कातळ सरळ वर उठलेला दिसतो. विंचूकाट्यावरून मागे दिसतो तो लोहगडाचा जवळजवळ सपाट माथा, वर वेगळा बालेकिल्ला नाही.

एवढ्यावर ठरलं नाही तर गुगल अर्थवर गडाच्या माथ्यावर नजर ठेवून क्षितिजरेषा जुळवून पाहा. किमान दोन शिखरं आणि एक पाण्याचा साठा जुळला तरच नाव लिहा. धुक्यात क्षितिज बुडालं असेल आणि तटही दिसत नसेल, तर त्याच फेरीतला आधीचा किंवा नंतरचा फोटो मागवा.