सात महिन्यांनंतर: चेहरा दिसतो, माणूस ओळखत नाही

चवथीच्या आधी डिचोलीच्या घरी हा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवला. आई तिथे एकटी असते. पणजीत बसून मला एवढंच कळायला हवं होतं की दारात कोण आलं. दुकानदार म्हणाला, "फेसवाला आहे, घ्या." मी ३,८०० रुपये मोजले.

चित्र छान आहे, रात्रीचंही. पावसाळा त्याने निभावला. पण पहिल्या दिवसापासून मोबाइलवर एकच संदेश येत होता: Face Detected. पोदेर आला, Face Detected. शेजारची काकी आली, Face Detected. आई स्वतः तुळशीला पाणी घालायला बाहेर पडली तरी तेच! डिसेंबरात समोरच्या कुंपणावर जत्रेतल्या नाटकाचा बॅनर लागला आणि कहरच झाला. रात्री एखाद्या गाडीचा प्रकाश त्यावर पडला की नायक, नायिका आणि खलनायक असे तिघेही 'आले' म्हणून फोन वाजायचा. सव्वा दोनला.

मी दुकानात जाऊन भांडलो. कॅमेरा बिघडलाय, बदलून द्या म्हटलं. त्यांनी पाठवलेला मुलगा शिडीवर चढलाच नाही. त्याने खोका मागितला आणि त्यावरचे शब्द दाखवले: Face Detection. "दादा, रेकग्निशन कुठे लिहिलंय?"

इथे मला माझं मत बदलावं लागलं. कॅमेरा सांगितलेलं काम चोख करत होता. चित्रात चेहऱ्यासारखा आकार कुठे आहे, एवढंच तो शोधतो. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी मांडलेली पद्धत बघितली की हे लगेच समजतं. २४ बाय २४ पिक्सेलची छोटी चौकट चित्रभर फिरवायची आणि प्रत्येक जागी विचारायचं: डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळपट आहे का, नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ आहे का? अशा बऱ्याच चाचण्या पार पडल्या की तिथे चौकोन काढायचा. आताच्या पद्धती न्यूरल नेटवर्कच्या आहेत, पण उत्तर तेच मिळतं: चौकोनाची जागा आणि खात्रीचा आकडा. त्यात नाव कुठून येणार? बॅनरवरच्या नायिकेलाही डोळे आणि नाक आहेतच की. फोटो काढताना मोबाइल तोंडाभोवती जो पिवळा चौकोन दाखवतो, तोही असाच.

ओळखणं हे त्यापुढचं वेगळं काम आहे. सापडलेला चेहरा कापायचा, डोळे एका रेषेत येतील असा सरळ करायचा आणि त्यापासून आकड्यांची एक यादी बनवायची, १२८ किंवा ५१२ आकड्यांची. ही यादी आधी साठवलेल्या चेहऱ्यांच्या याद्यांशी ताडून बघायची. पुरेशी जवळ एखादी निघाली तर तिचं नाव, नाहीतर 'अनोळखी'. म्हणजे आधी कुणाचे फोटो भरलेच नाहीत, तर सख्खी आईसुद्धा अनोळखीच.

मग हट्टाने ९,५०० रुपयांचा चेहरे ओळखणारा रेकॉर्डर घेतला (बायको अजून बोलून दाखवते) आणि घरच्या-शेजारच्या आठ जणांचे फोटो भरले. तरीही फाटकातून येणारा प्रत्येक जण अनोळखीच निघे. पुन्हा संताप. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. चित्राची रुंदी २,५६० पिक्सेल. फाटकापाशी, म्हणजे पाच मीटरवर, माझ्या रुंद भिंगात साधारण बारा मीटर जागा मावते. म्हणजे मीटरला २१३ पिक्सेल. चेहरा सोळा सेंटिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला ३४ पिक्सेल येतात. चौकोन काढायला तेवढे भरपूर झाले. पण ओळखणाऱ्या बऱ्याच पद्धती चेहऱ्याचा तुकडा ११२ बाय ११२ चा करून घेतात, आणि ३४ चे ताणून ११२ केले म्हणून नसलेली भुवई उगवत नाही. त्यात कॅमेरा वर वळचणीला, त्यामुळे दिसायची ती टाळकी आणि छत्र्या.

कॅमेरा खाली आणून दाराशेजारी डोक्याच्या उंचीला लावला. घंटा वाजवणारा आता दोन मीटरवर उभा असतो आणि त्याचा चेहरा ८५ पिक्सेलचा येतो. काकी त्याच दिवशी नावानिशी आल्या! अगदी मोबाइल घेऊन आईला दाखवायला गेलो.

एक चूक मात्र मी केली. आई अंधारात कधी कधी अनोळखी ठरते म्हणून साम्याची अट ८० वरून ७० वर आणली. आठवड्याभरात पुतण्या दारात उभा आणि फोनवर भावाचं नाव. बापलेकांचं नाक एकच, पण पुतण्या पुण्याला असतो, त्याचा फोटो भरलेलाच नव्हता. अट सैल केली की यंत्र साठवलेल्यांतला जवळचा माणूस गळ्यात मारतं. आणि तो ७० म्हणजे 'शंभरात सत्तर वेळा बरोबर' असंही नाही, ती फक्त दोन याद्यांच्या जवळिकीची मोजपट्टी. पुन्हा ८० केली. आई अनोळखी झाली तर झाली, तिला मी ओळखतो.

घ्यायचा असेल तर घ्या, पण खोक्यावरचा दुसरा शब्द वाचून, आणि भोकं पाडायच्या आधी अंतर मोजून. माझी वळचणीतली चार भोकं अजून उघडी आहेत. मेस्त चार दिवसांत येतो म्हणाला होता, त्याला महिना झाला.