फिर्यादीच्या फोटोवरून भाषांतर: थेट करून घ्यावे की आधी मराठीत टाइप करून?

18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि मराठी फिर्यादी इंग्रजीत करून देण्याचे काम माझ्याकडे वाढले. बहुतेकजण मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात आणि विचारतात, "यावरूनच करून मिळेल का?"

मिळते. प्रकरण काय आहे एवढेच वकिलांना संध्याकाळपर्यंत कळायला हवे असेल, तर थेट भाषांतर पुरते. दोन पानांचा जबाब तासाभरात होतो. कोर्टात दाखल करायचे असेल, तर मी आधी जबाब ओळीला ओळ मराठीत टाइप करते, फोटोशी ताडून बघते आणि मगच भाषांतराला बसते. त्यात अख्खी दुपार जाते.

ही दुपार कशासाठी, ते एका मारहाणीच्या फिर्यादीवरून सांगते. फिर्यादी म्हणतो, अंधारात एका अनोळखी इसमाने काठीने मारले. दवाखान्यात असताना शेजाऱ्याने त्या इसमाचे नाव सांगितले. घाईत केलेल्या भाषांतरात वाचायला सोपे म्हणून ते नाव पहिल्याच वाक्यात आले होते. म्हणजे फिर्यादीने मारणाऱ्याला जागेवरच ओळखले, असा अर्थ झाला! नाव कधी कळले, कुणाकडून कळले, यावर ओळखीचा सगळा वाद उभा असतो. म्हणून जबाब कितीही पाल्हाळीक असो, वाक्यांचा क्रम हलवायचा नाही.

कलमांचेही तसेच. त्या फिर्यादीत भारतीय न्याय संहितेची 115(2) आणि 352 ही कलमे होती. भाषांतरकाराने सवयीने पुढे भादंवि, म्हणजे आधीचे भारतीय दंड विधान, लिहिले. न्याय संहितेतले 352 शांतता भंग व्हावी अशा हेतूने केलेल्या अपमानाचे, जुने 504; भादंवितले 352 मात्र हल्ल्याचे. आकडा बरोबर, पण गुन्हाच बदलला.

तारीख 05/08/2025 अशी असेल तर तशीच ठेवावी. महिना अक्षरी लिहायच्या नादात ऑगस्टचा मे होतो. पहिल्या पानावरची घटनेची तारीख आणि जबाबातली तारीख जुळत नसेल, तरी दोन्ही आहेत तशाच उतरवायच्या. दुरुस्ती करणे आपले काम नाही. नावांसाठी आधारकार्ड मागून घेते, कारण चौगुलेसारखे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हेने लिहितात.

टाइप करताना घडीवरचे, शिक्क्याखालचे शब्द लगेच अडतात. तिथे मी "अवाचनीय" लिहिते आणि त्या भागाचा जवळून काढलेला फोटो मागवते. थेट भाषांतरात नेमके असेच शब्द अंदाजाने भरले जातात.

थेट केलेले भाषांतर आधीच हाती असेल, तर मूळ जबाबात आरोपीचे नाव पहिल्यांदा ज्या वाक्यात येते तिथे पेन्सिलीने खूण करा. भाषांतरात ते त्याच्या आधी आले असेल, तर ते भाषांतर दाखल करू नका.