नाक मोकळं करणारा स्प्रे, सात महिने आणि एकवीस बाटल्या

झायलोमेटाझोलिन ०.१ टक्के, दहा मिलीची पंपाची बाटली. नाक चोंदलं की जवळपास प्रत्येकाने कधी ना कधी मारलेला स्प्रे, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रेही याच जातीचा, म्हणून पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

नोव्हेंबरात सर्दी झाली तेव्हा कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने दिला. पहिल्या रात्री दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारला आणि पाच मिनिटांत नाक मोकळं. सकाळपर्यंत गाढ झोप. तेव्हा कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच गुण दिले असते. सर्दी चार दिवसांत गेली, पण बाटली तीन चतुर्थांश भरलेली होती. आमच्या घरात औषध टाकून देत नाहीत. सासूबाई टूथपेस्टची ट्यूब कापून आतली पेस्ट काढतात, आणि मीही त्याच वळणाची झाले आहे. म्हटलं, उरलंय तर रात्री झोपताना मारू, संपून जाईल.

पहिली बाटली अठरा दिवस पुरली, शेवटची पाच. घरखर्चाच्या वहीत प्रत्येक बाटलीची नोंद आहे, म्हणून हे आकडे ठामपणे सांगते. फवाऱ्याचा असर आधी आठ-नऊ तास टिकायचा. जानेवारीत पाच तासांवर आला, मे महिन्यात जेमतेम तीन. रात्री दोनला तोंड कोरडं पडून जाग यायची, जीभ टाळूला चिकटलेली असायची आणि हात आपोआप उशीखाली जायचा. एकदा गावी बाटली विसरले, तर नवऱ्याला रात्री साडेदहाला मोटारसायकल काढून तालुक्याला पाठवलं. "अगं, नाक चोंदलंय एवढंच ना?" तो म्हणाला. मला मात्र गुदमरल्यासारखं होत होतं.

आणखी एक खूण तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. नाक गच्च, पण ते वाहत नव्हतं, शिंका नव्हत्या, खाज नव्हती. सर्दीही नाही आणि ॲलर्जीही नाही, मग चोंदतंय कशाने?

जूनमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी नाकात उजेड टाकून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "स्प्रे किती दिवस चालू आहे?" आतलं अस्तर लालभडक आणि फुगलेलं होतं. कागदावर चित्र काढून त्यांनी समजावलं ते असं. नाकाच्या बाजूच्या भिंतींवर मांसल वळ्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यात रक्ताच्या बारीक पिशव्या असतात. त्या भरल्या की नाक चोंदतं, आकसल्या की मोकळं होतं. स्प्रे त्या रक्तवाहिन्यांना आवळतो. पण रोज आवळत राहिलं की त्यांवरचे इशारा टिपणारे रिसेप्टर त्या औषधाला दाद देईनासे होतात. शरीर स्वतः जो आवळण्याचा इशारा देतं तोही मंदावतो. मग औषधाचा असर उतरला की वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात. आपण पुन्हा फवारा मारतो आणि चक्र चालू राहतं. बाटलीत टिकण्यासाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड घालतात, त्यानेही अस्तराची सूज वाढू शकते असं त्या म्हणाल्या.

म्हणजे सात महिने माझं नाक औषधानेच चोंदत होतं, आणि मी तेच विकत आणत होते. एकवीस बाटल्यांचे दोन हजारांवर रुपये झाले.

मर्यादा विचारली. त्या म्हणाल्या, "तीन दिवस. फार तर पाच. काही पत्रकांत सात लिहिलेलं असतं, ती शेवटची रेघ समजा." घरी येऊन खोक्यातलं पत्रक भिंग लावून वाचलं. सात दिवसांची ओळ होती, पण सगळ्यांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. माझा सगळा राग त्या खोक्यावर आहे. दर्शनी बाजूला नाकाचं चित्र छापायला जागा आहे, 'तीन दिवस' या दोन शब्दांना नाही. आणि बाटलीचा आकार! मी एक बाटली सिंकमध्ये मोजून रिकामी केली, साधारण सत्तर फवारे निघाले. दिवसातून तीनदा, दोन्ही नाकपुड्यांत एकेक, असं तीन दिवस मारलं तरी होतात अठरा. म्हणजे जेवढं वापरायचं त्याच्या जवळपास चौपट औषध हातात देतात. काटकसरीच्या घरात ते उरलेलं औषध फुकट कसं जाणार? अडीच मिलीची बाटली काढा, मी त्याच किमतीला घेईन.

सोडतानाचा अनुभव. एकदम बंद करणं मला झेपणार नाही असं मी सांगितलं, म्हणून त्यांनी एका बाजूने सुरुवात करायला लावली. उजव्या नाकपुडीत पूर्ण बंद, डावीत फक्त रात्री एक फवारा. दोन्हीकडे मोमेटासोनचा स्टेरॉइड स्प्रे रोज एकदा, शिवाय उकळून गार केलेल्या पाण्यात केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणं. स्टेरॉइड म्हटल्यावर मी दचकले. हा स्प्रे नाक लगेच मोकळं करत नाही, सूज हळूहळू उतरवतो आणि पूर्ण असर दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर चौथ्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून मी तो बंद केला असता. मारायची पद्धतही वेगळी. मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, आणि स्प्रेचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. जोरात हुंगायचं नाही, नाहीतर औषध घशात उतरतं.

पहिल्या चार रात्री वाईट गेल्या. उशीखाली दुसरी उशी घेऊन जवळपास बसूनच झोपले. सहाव्या दिवशी पहाटे उजवीकडून एक बारीकशी थंड हवेची रेघ आत गेली. मी उठून बसले आणि बोटाने डावी बाजू दाबून ती हवा पुन्हा पुन्हा घेतली. नवव्या दिवशी डावीकडचा रात्रीचा फवाराही बंद केला.

इथे माझं मत दुसऱ्यांदा बदललं. तिसऱ्या आठवड्यात दुपारी डावी बाजू बंद, संध्याकाळी उजवी. मला वाटलं, सगळं परत फिरलं, आणि मी कपाटातून जुनी बाटली बाहेरही काढली होती. आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला ते बरं झालं. निरोगी माणसाच्या नाकातही टर्बिनेट दर काही तासांनी आळीपाळीने फुगतात, एक बाजू विसावते, दुसरी काम करते. एरवी ते कुणाला जाणवतही नाही. स्प्रेमुळे दोन्ही बाजू एकदम उघड्या असण्याची मला सवय झाली होती.

स्प्रे वाईट आहे असं मात्र आता मी म्हणणार नाही. कडक सर्दीत दोन रात्री झोप मिळणं मोठी गोष्ट आहे. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मोठ्यांची बाटली लहान मुलांच्या नाकात मुळीच घालू नये. सासूबाईंना रक्तदाब आहे आणि फेब्रुवारीत मी त्यांना माझीच बाटली दिली होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

गेल्या महिन्यात नवऱ्याला सर्दी झाली. नवी बाटली आणली, मार्करने तिच्यावर 'सोमवार ते बुधवार' असं लिहिलं. बुधवारी रात्री झोपायच्या आधी सासूबाई बाटली उजेडात धरून म्हणाल्या, "अगं, केवढं उरलंय हे." मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि सिंकमध्ये ओतून टाकली.